चाळीस जोड्या, एक कागद

आमच्या दहावीच्या वर्गाचा ग्रुप फोटो जानेवारी १९९४ मधला आहे. दहा इंच रुंद, करड्या पुठ्ठ्यावर चिकटवलेला, खाली मुख्याध्यापकांचं आणि वर्गशिक्षकांचं नाव. पुढच्या रांगेत खुर्च्यांवर शिक्षक, मागे बाकांवर उभे आम्ही. स्नेहमेळावा ठरला तेव्हा पोस्टरचं काम माझ्या गळ्यात आलं, कारण माझा धंदा छपाईचा. सगळ्यांची मागणी एकच होती: प्रत्येकाचा तेव्हाचा आणि आत्ताचा चेहरा शेजारी शेजारी, आणि फोटो नुसते चिकटवलेले नकोत, जुन्या पुस्तकातल्यासारखं हाताने काढलेलं चित्र हवं.

चाळीस जणांची ऐंशी चित्रं काढायला चित्रकार बसवला असता तर मेळावा पुढच्या वर्षीवर गेला असता. म्हणून चित्रं तयार करणारं एआय साधन घेतलं. त्याला जी सूचना लिहून द्यायची तिला प्रॉम्प्ट म्हणतात. माझा पहिला प्रॉम्प्ट कुणीही लिहील तसाच होता: शाळेच्या स्नेहमेळाव्याचं पोस्टर कर, हे फोटो घे, चाळीस जणांचे तेव्हाचे आणि आत्ताचे चेहरे शेजारी शेजारी दाखव, जुन्या आठवणींचा रंग दे. मिनिटभरात पोस्टर आलं. चाळीस देखणी माणसं, एकही आमच्या वर्गातलं नाही. मागे लोखंडी लॉकरांची रांग, आमच्या शाळेत नसलेली. दोघातिघांच्या डोक्यावर पदवीदानाच्या चौकोनी टोप्या. आणि वर ठळक अक्षरांत ‘स्हेनमेवाळा’.

यातली प्रत्येक चूक वेगळ्या कारणाने झाली होती. ती कारणं एकदा कळली की प्रॉम्प्ट कसा लिहायचा आणि प्रॉम्प्टवर काय सोपवायचंच नाही, हे दोन्ही कळतं.

आधी चेहऱ्यांचं बघू. ग्रुप फोटोत एका रांगेत चौदा जण आहेत. दहा इंचांत चौदा म्हणजे एकाच्या वाट्याला पाऊण इंचाहून थोडं कमी, आणि त्यातला चेहरा जेमतेम पाव इंचाचा. व्हॉट्सअ‍ॅपवर जो फोटो फिरत होता तो कुणीतरी पुठ्ठ्यासकट मोबाइलने काढलेला होता. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो तिथे आक्रसून साधारण १६०० पिक्सेल रुंदीचा होतो. बारा इंच पुठ्ठ्याला १६०० पिक्सेल, म्हणजे पाव इंचाच्या चेहऱ्याला सुमारे ३३. तोच फोटो स्कॅनरवर ६०० डीपीआयला घेतला की चेहऱ्याला १५० पिक्सेल मिळतात.

या फरकाचं महत्त्व साधनाच्या आतल्या कारभारात आहे. २०२२ साली सर्वांसाठी खुल्या झालेल्या स्टेबल डिफ्यूजन या मॉडेलचं उदाहरण घेतो, कारण त्याची रचना उघड आहे. ते चित्रावर थेट काम करत नाही. आधी चित्र आक्रसून घेतं, उभे आठ आणि आडवे आठ पिक्सेल मिळून एक घर, आणि सगळं काम त्या घरांवर करतं. नुसत्या गोंगाटापासून, म्हणजे टीव्हीवर दिसायच्या त्या मुंग्यांपासून, सुरुवात करून पायरीपायरीने गोंगाट कमी करत चित्र वर काढतं. आता ३३ पिक्सेलांचा चेहरा म्हणजे आडवी चार घरं. चार घरांत दोन डोळे, नाक, ओठ, कपाळावरची बट, एवढं सगळं मावणार कुठून? जे मावत नाही ते मॉडेल आपल्या अनुभवातून भरतं, आणि त्याचा अनुभव म्हणजे त्याने पाहिलेल्या असंख्य चेहऱ्यांचा मधला चेहरा. तो देखणा असतो आणि कुणाचाच नसतो. १५० पिक्सेल असले तर एकोणीस घरं मिळतात, तेवढ्यात माणूस ओळखू यायला लागतो. पुढची साधनं वेगळ्या रचनांची आली आणि बरीच सुधारली, दिलेल्या फोटोतला माणूस राखण्यात तर खूपच, पण चेहरा बारीक झाला की तीही अडखळतात.

आणि मी मागितलं काय होतं, तर एकाच चित्रात ऐंशी चेहरे. चित्र १५३६ पिक्सेल रुंद आलं. आडव्या आठ जोड्या धरल्या तर एका जोडीला १९२ पिक्सेल, आणि एका चेहऱ्याला कसेबसे साठ. पिक्सेलच एवढे असल्यावर प्रॉम्प्ट कितीही चांगला लिहून काही उपयोग नव्हता. म्हणून पोस्टर एका प्रॉम्प्टने करायचंच नाही, असं ठरवलं. प्रॉम्प्ट एका चेहऱ्यापुरता लिहायचा आणि ऐंशी वेळा चालवायचा. मांडणी आपण आपल्या हाताने करायची.

स्कॅनिंगमध्ये एक खोड निघाली. त्या काळी आमच्याकडचे बरेच स्टुडिओ दाणेदार पृष्ठभागाच्या, सिल्क म्हणत त्या कागदावर फोटो छापायचे. स्कॅनरचा दिवा एका बाजूने येतो, त्यामुळे प्रत्येक दाण्याची बारीक सावली पडते आणि चेहऱ्यावर जाळी दिसते. डोळ्यांना ती फारशी खटकत नाही, पण साधन तिला त्वचा समजतं आणि पंधरा वर्षांच्या मुलाला देवीचे व्रण देऊन मोकळं होतं. असा फोटो स्कॅन न करता व्हरांड्यात, ऊन थेट पडत नाही पण उजेड भरपूर आहे अशा जागी जमिनीवर ठेवावा आणि चांगल्या कॅमेऱ्याने नेमका वरून टिपावा. उजेड चहूबाजूंनी आला की दाण्यांच्या सावल्या विरतात. फोटो एका दमात पूर्ण टिपण्याऐवजी चार तुकड्यांत टिपला तर पिक्सेलही जास्त मिळतात.

आता लॉकर आणि टोप्यांकडे. मॉडेल चित्रं आणि त्यांच्याखालची वर्णनं यांच्या जोड्यांवरून शिकतं, आणि त्या वर्णनांत इंग्रजीचा, त्यातही अमेरिकेचा, भरणा मोठा. ‘शाळेचा स्नेहमेळावा’ म्हटलं की त्याच्यासमोर तिथली हायस्कुलं उभी राहतात. ‘जुन्या आठवणी’ हा शब्द त्याहून फसवा. आठवण ही वस्तू नव्हे. चित्रात दिसते ती वस्तूच, आणि आपण वस्तू सांगितली नाही तर साधन स्वतःजवळची ठेवून देतं. आमच्या शाळेची आठवण म्हणजे कौलारू इमारत, व्हरांड्यात टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा (तीच घंटा), शाईचे डाग पडलेला लांब बाक, आणि पांढरा शर्ट-खाकी चड्डी. मुलींचा निळा स्कर्ट आणि लाल रिबिनी. हे सगळं नावानिशी लिहावं लागतं.

शैलीचंही तसंच. अनेकांना इथे एखाद्या चित्रकाराचं किंवा स्टुडिओचं नाव टाकायची सवय आहे. २०२५ च्या मार्चमध्ये जिब्ली या जपानी स्टुडिओच्या ढंगातल्या चित्रांची लाट आली आणि आपल्याकडे लग्नाच्या अल्बमपासून नगरसेवकांच्या शुभेच्छांपर्यंत सगळं त्या रंगात न्हाऊन निघालं. मला ते दोन कारणांनी पटत नाही. एक तर दुसऱ्याच्या आयुष्यभराच्या मेहनतीवर आपण फुकट बसतो. दुसरं असं की जिब्लीच्या ढंगात गेलेला आमचा वर्ग जपानी दिसायला लागतो. सगळ्यांचे डोळे, हनुवटी आणि कान एकसारखे. माणूस ओळखू येण्याच्या खुणा नेमक्या तिथेच असतात.

आमच्या पिढीच्या डोळ्यांत एक चित्रशैली कायमची बसलेली आहे, बालभारतीच्या पुस्तकांची. आपली पाठ्यपुस्तकं काढणारी ही संस्था १९६७ साली स्थापन झाली. आमच्या वेळच्या पुस्तकांत एक-दोन रंगांतली चित्रं असत. काळ्या शाईची रेघ, आत सपाट रंग, आणि छपाईत रंगाची प्लेट जरा हलली की रंग रेघेबाहेर सरकलेला. गालाचा रंग कानाबाहेर, शर्टाचा रंग हवेत. छपाईवाल्यांच्या भाषेत ही रजिस्ट्रेशनची चूक. पण पोस्टर पाहिल्यावर लोक ‘अरे, हे तर आपलं पुस्तक!’ म्हणाले ते त्या सरकलेल्या रंगामुळेच. म्हणून प्रॉम्प्टमध्ये कुणाचंही नाव न घालता तंत्र सांगितलं.

रेखाटनच का घ्यायचं, फोटो का नाही, याला आणखी एक व्यावहारिक कारण आहे. १९९४ च्या फोटोतला चेहरा धुरकट, तांबूस पडलेला, १५० पिक्सेलांचा. आजचा मोबाइलवरचा, हजारो पिक्सेलांचा, त्यात फोनने आपणहून त्वचा गुळगुळीत केलेली. दोन्ही तसेच शेजारी ठेवले तर नजर आधी कागद-कॅमेऱ्यातला फरक मोजते आणि माणसातला फरक मागे राहतो. रेघ दोघांनाही एकाच कागदावर आणते. अमेरिकी छायाचित्रकार निकोलस निक्सन यांनी १९७५ पासून कितीतरी वर्षं दरवर्षी चार बहिणींचा एक कृष्णधवल फोटो काढला, आणि दरवेळी बहिणी त्याच क्रमाने उभ्या केल्या. क्रम स्थिर ठेवला म्हणून त्यात वय सरकताना दिसतं. आमच्या पोस्टरलाही तोच नियम लावला. आजचा फोटो मागवताना सगळ्यांना कळवलं की समोर बघत, उजेडाकडे तोंड करून, चष्म्याशिवाय एक काढा, चष्म्यासकट एक.

सगळ्या चित्रांची शैली सारखी राहावी म्हणून साधनाला एक नमुना द्यावा लागतो. इथे मी आधी चुकलो. एका मित्राचं चांगलं उतरलेलं चित्र नमुना म्हणून दिलं, तर पुढच्या सहा जणांना त्याचं नाक आलं. साधनाला शैली कुठे संपते आणि चेहरा कुठे सुरू होतो ते नीट कळत नाही. मग नमुना म्हणून चेहराच नसलेलं चित्र केलं, फक्त शाळेचा व्हरांडा आणि तो रुळाचा तुकडा. त्यानंतर नाकं आपापल्या जागी गेली.

प्रत्येक अर्धं चित्र स्वतंत्र करायचं, हेही असंच ठेच लागून शिकलो. तेव्हाचा आणि आत्ताचा असे दोन्ही फोटो एकदम दिले तर साधन स्पष्ट फोटोकडे झुकतं. आजच्या फोटोवरूनच लहानपणचा चेहरा बनवतं: तोच चेहरा, थोडा गोल, केस जास्त. म्हणजे ग्रुप फोटोतला मुलगा बाजूलाच राहतो. तेव्हाचं चित्र फक्त तेव्हाच्या फोटोवरून आलं पाहिजे.

शेवटी जो प्रॉम्प्ट टिकला तो असा. आताची बोलून काम करणारी साधनं मराठी सूचना बऱ्यापैकी पाळतात, त्यामुळे इंग्रजीची गरज पडली नाही.

```
चित्र १: शाळेचं रेखाटन. यातून फक्त रेघ, रंग आणि कागद घे.
चित्र २: फोटो. चेहरा फक्त यातूनच घे.
चित्र २ मधल्या मुलाचं खांद्यापर्यंतचं रेखाटन कर. वय १५.
काळ्या शाईची रेघ, आत सपाट वीटकरी आणि फिका निळा रंग,
रंग रेघेबाहेर किंचित सरकलेला, पिवळसर कागद.
तसंच ठेव: कानांचा आकार, जाड भुवया, दातांमधली फट,
सावळा रंग, बघणाऱ्याच्या उजव्या हाताला गालावर तीळ.
पांढरा शर्ट, बघणाऱ्याच्या उजव्या हाताला खिसा.
पार्श्वभूमी कोरी. कुठेही अक्षरं नकोत.
```

यातली ‘तसंच ठेव’ ही ओळ प्रत्येकासाठी वेगळी लिहायची. तिच्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि जायलाच हवा. सांगितलं नाही तर साधन दात सरळ करतं, कान डोक्याला चिकटवतं आणि सगळ्यांना दोन छटा गोरं करतं. ‘छान काढ’, ‘सुंदर काढ’ असे शब्द घातले की हे आणखी वाढतं, म्हणून ते प्रॉम्प्टमध्ये येऊच दिले नाहीत. आत्ताच्या चित्रासाठी वय आणि कपडे बदलायचे, बाकी नमुना तोच. तिथे ‘कपाळावरच्या आठ्या, पांढरे कल्ले, पुढून विरळ केस तसेच ठेव’ असं स्पष्ट लिहावं लागतं, नाहीतर सत्तेचाळीस वर्षांचा माणूस पस्तिशीचा होऊन येतो. त्यावर कुणी तक्रार करत नाही हे खरं, पण मग जोडीत अंतरच उरत नाही.

‘बघणाऱ्याच्या उजव्या हाताला’ असं लांबलचक लिहिण्यामागे एक गोष्ट आहे. एका मैत्रिणीच्या जोडीत तेव्हाचा तीळ एका गालावर आणि आत्ताचा दुसऱ्या गालावर आला. मी साधनाला दोष देत चार वेळा प्रॉम्प्ट बदलला. मग तिचा मूळ फोटो मोठा करून पाहिला. तो सेल्फी होता, आणि काही फोनांत सेल्फी आरशातल्यासारखा उलटाच साठवला जातो. ओळखायची सोपी खूण म्हणजे कपड्यांवरची किंवा मागच्या पाटीवरची अक्षरं. पुरुषांच्या बाबतीत शर्टाचा खिसा बघावा. तो घालणाऱ्याच्या डाव्या छातीवर, म्हणजे बघणाऱ्याच्या उजव्या हाताला असतो. खिसा दुसरीकडे दिसला तर फोटो आडवा उलटून घ्यायचा आणि मगच साधनाला द्यायचा.

चित्र जमलं की नाही हे आपण स्वतः ठरवू नये. दहा प्रयत्न बघून डोळा सरावतो आणि सगळंच सारखं वाटायला लागतं. मी प्रत्येक चित्र अंगठ्याएवढं लहान करून, नावाशिवाय, वर्गातल्या दोघांना पाठवायचो. ‘कोण रे हा?’ याला तीन सेकंदांत नाव आलं तर पास. ‘ओळखीचा वाटतोय’ असं आलं तर नापास. घरच्यांना मात्र विचारू नये. बायको-मुलांनी तेव्हाचा चेहरा पाहिलेला नसतो, आणि आईला आपलं मूल कुठल्याही चित्रात दिसतं. एका चेहऱ्याला सरासरी दोन-तीन प्रयत्न लागले. तिघांचे तेव्हाचे चेहरे शेवटपर्यंत जमले नाहीत, कारण मूळ फोटोत ते दुसऱ्याच्या खांद्याआड होते. त्यांच्या घरून हॉल तिकिटावरचे फोटो मागवले आणि काम झालं.

‘स्हेनमेवाळा’चा उपाय सगळ्यात सोपा: साधनाकडून अक्षरं काढूनच घ्यायची नाहीत. चित्र काढणारं मॉडेल अक्षराचा आकार काढतं, त्याला वर्णांची ओळख असतेच असं नाही. त्यात वेलांटी, मात्रा आणि जोडाक्षरं एका शिरोरेषेभोवती गुंफलेली, त्यामुळे देवनागरीत घोटाळा लवकर होतो. मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये मुक्तासारखा एखादा साधा युनिकोड फाँट घेऊन नावं आपणच टाकावीत. फ्लेक्सवाल्याकडे फाइल देताना अक्षरं कर्व्ह करून द्यावीत, म्हणजे त्यांचं रेघांत रूपांतर करावं. नाहीतर त्याच्या संगणकावर तो फाँट नसला की छापताना जोडाक्षरं फुटतात. मुलींची नावं कशी टाकायची यावर ग्रुपवर दोन दिवस चर्चा झाली. शेवटी तेव्हाच्या चित्राखाली हजेरीपटातलं नाव आणि आत्ताच्या चित्राखाली जिने जे सांगितलं ते.

मापाचा हिशेब आता जमतो. फ्लेक्स सहा फूट बाय चार फूट, म्हणजे ७२ बाय ४८ इंच. वरचे दहा इंच शीर्षकाला आणि शाळेच्या रेखाटनाला सोडले तर आठ स्तंभ आणि पाच ओळींत चाळीस जोड्या बसतात. एका जोडीला नऊ इंच रुंदी, म्हणजे एका चेहऱ्याला साडेचार. १०२४ पिक्सेलांचं एक चित्र साडेचार इंचांत छापलं की इंचाला दोनशेहून जास्त पिक्सेल पडतात. फ्लेक्स चार-सहा फुटांवरून बघायचा असतो, त्याला शंभर पुरतात. माझ्या पहिल्या एकत्र चित्राचा हिशेब केला तर १५३६ भागिले ७२, इंचाला एकवीस. ते फ्लेक्सवर लावलं असतं तर जवळून चौकटीच दिसल्या असत्या. शिवाय तुकड्यांत काम असलं की त्याच चित्रांतून प्रत्येकाला घरी न्यायला बारा बाय अठराची कागदी प्रतही निघते.

चाळीसपैकी दोघे आता नाहीत. साधनाला सांगितलं तर ते पंधराव्या वर्षाच्या चेहऱ्यावरून सत्तेचाळिसाव्या वर्षाचा चेहरा करून देतं, आणि तसं करावं असं एकाने सुचवलंही. पण ते वय वाढवणं म्हणजे पुन्हा तोच मधला चेहरा: थोडी आठी, थोडे पांढरे केस, सगळ्यांना लावता येईल असा. आमच्यातली एकजण एवढंच म्हणाली, ‘त्याच्या आईने जो चेहरा पाहिला नाही तो आपण लावायचा का रे?’ मग त्या दोघांच्या उजवीकडच्या चौकटीत फक्त पिवळसर कागद ठेवला. आणखी दोघींना फोटो कुठल्याही साधनात चढवायला नको होते. त्यांच्या जागी नाव आणि हजेरी क्रमांक.

सगळं जुळल्यावर छपाईच्या आदल्या रात्री एकाचा फोन आला. ग्रुप फोटोत नेमके त्याचे डोळे मिटलेले आहेत. शाळा संपेपर्यंत त्याला त्यावरून चिडवलं होतं. साधनाने न सांगता त्याचे डोळे उघडले होते, चांगले टपोरे, आणि मला वाटलं होतं की तो खूश होईल.

‘अरे, हा मी नाहीच,’ तो म्हणाला. ‘बत्तीस वर्षं मी त्या फोटोत झोपलोय. मला कशाला उठवतोस?’

रात्री साडेअकराला ‘तसंच ठेव’च्या ओळीत ‘मिटलेले डोळे’ हे दोन शब्द घातले. दुसऱ्या प्रयत्नात तो पुन्हा झोपला.